सोमवारनंतर मंगळवारच का?

“आई, मराठीतला सोमवार चंद्राचा आणि इंग्रजीतला मंडेपण चंद्राचाच. मग आपण त्यांची कॉपी केली की त्यांनी आपली? आणि सातच वार का? सूर्य, चंद्र, मंगळ, बुध असा उलटसुलट क्रम कुणी लावला?”

लाडक्या चिऊ,

तुझ्या तीन प्रश्नांतला शेवटचा मला सगळ्यांत आवडला. तो सुटला की बाकीचे दोन त्याच्या मागोमाग सुटतात, म्हणून तिथूनच सुरू करते.

सूर्यमाला तू शाळेत शिकलीस, पण ती थोडा वेळ बाजूला ठेव. दुर्बीण नाही, नुसते डोळे आहेत, असं समज. रोज रात्री आकाश बघत राहिलीस तर जवळजवळ सगळे तारे एकमेकांपासून तेवढ्याच अंतरावर राहून एकत्र फिरताना दिसतात. त्या ठरलेल्या नक्षीतून आपली जागा बदलत जाणारे फक्त सात: सूर्य, चंद्र, बुध, शुक्र, मंगळ, गुरू आणि शनी. जुन्या लोकांच्या लेखी हे सातही ग्रहच होते. आपल्या नवग्रहांत आणखी दोन आहेत, राहू आणि केतू. पण ते डोळ्यांना दिसत नाहीत. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला जिथे छेदते, ते ते दोन बिंदू. म्हणून ग्रह नऊ असूनही राहूवार नाही की केतूवार नाही.

आता या सातांना वेगाप्रमाणे ओळीत लावायचं. ताऱ्यांमधून एक पूर्ण फेरी मारायला शनीला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, गुरूला जवळजवळ बारा, मंगळाला दोनाला थोडी कमी, सूर्याला एक वर्ष आणि चंद्राला फक्त सव्वासत्तावीस दिवस. जो सावकाश तो लांब आणि जो भरभर तो जवळ, असा तेव्हाचा हिशेब होता. अडचण शुक्र आणि बुधाची. ते सूर्याच्या आगेमागेच घोटाळतात, त्यामुळे त्यांचीही सरासरी फेरी वर्षाचीच भरते. वेगावरून त्यांची जागा ठरेना, म्हणून यावर पुष्कळ वाद झाले. शेवटी रूढ झालेली ओळ अशी: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र.

यात वारांचा क्रम कुठेच दिसत नाही ना? तो लपलाय तासांमध्ये.

इजिप्तमध्ये दिवसाचे बारा आणि रात्रीचे बारा असे चोवीस भाग करायची पद्धत फार जुनी होती. पुढे ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या ज्योतिषांनी या प्रत्येक तासाला एकेक ग्रह मालक म्हणून नेमला, वरच्याच ओळीप्रमाणे, एकामागून एक, न थांबता. आणि दिवसाच्या पहिल्या तासाचा जो मालक, तोच त्या सबंध दिवसाचा मालक.

एक दिवस आपण मोजून बघू. शनिवारी पहिला तास शनीचा, दुसरा गुरूचा, तिसरा मंगळाचा, चौथा सूर्याचा, पाचवा शुक्राचा, सहावा बुधाचा, सातवा चंद्राचा. सात संपले, म्हणून आठवा पुन्हा शनीचा. तसाच पंधरावाही शनीचा आणि बाविसावाही. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला, पण ओळ थांबत नाही. दुसऱ्या दिवशीचा पहिला तास येतो सूर्याकडे, म्हणून शनिवारनंतर रविवार. रविवारपासून असंच मोजलंस की चोवीस तासांनंतर पाळी येते चंद्राची. त्यानंतर मंगळाची. सात त्रिक एकवीस, उरले तीन. त्या उरलेल्या तिनांमुळे दर दिवशी ओळीतले दोन ग्रह ओलांडून पुढच्या ग्रहावर उडी पडते. तुला जो क्रम उलटसुलट वाटला, तो या उडीमुळे.

हे हाताने करून बघ. एक वर्तुळ काढ आणि त्यावर सारख्या अंतरावर सात ठिपके दे. शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र अशी नावं घड्याळाच्या दिशेने लिही. आता पेन्सिल न उचलता शनीपासून सूर्यापर्यंत रेघ ओढ, सूर्यापासून चंद्रापर्यंत, चंद्रापासून मंगळापर्यंत. दर वेळी मधले दोन ठिपके सोडायचे. सातव्या रेघेला तू परत शनीपाशी येशील आणि कागदावर सात टोकांची चांदणी उमटलेली असेल. त्या रेघांवरून बोट फिरवत गेलीस की वार ओळीने म्हणता येतात.

मराठीतला “वार” हा शब्दही याला चपखल बसतो. संस्कृतात वार म्हणजे पाळी, खेप. “वारंवार” म्हणतो त्यातला वार तो हाच. सोमवार म्हणजे सोमाची, चंद्राची पाळी.

आता कॉपीचं. त्यांनी आपलं घेतलं नाही. आपल्याकडे दिवस ओळखायची जुनी साधनं होती तिथी आणि नक्षत्रं. वेदांग ज्योतिषात वारांची नावं नाहीत. ग्रहांचे वार आले ते ग्रीक ज्योतिषाबरोबर, आणि त्याचा पुरावा त्या हिशेबातच आहे. आपल्याकडे दिवसाचे भाग चोवीस नव्हते, साठ होते. एक घटका म्हणजे आजची चोवीस मिनिटं, आणि अशा साठ घटकांचा दिवस. समजा, तासांऐवजी घटकांना मालक नेमले असते तर? आठ फेऱ्यांत छप्पन्न घटका संपतात, चार उरतात. सत्तावन्नावी शनीची, अठ्ठावन्नावी गुरूची, एकोणसाठावी मंगळाची, साठावी सूर्याची. म्हणजे दुसऱ्या दिवशीची पहिली घटका शुक्राची. शनिवारनंतर शुक्रवार! तसंच पुढे मोजत गेलीस तर शुक्रवारनंतर गुरुवार, मग बुधवार, मग मंगळवार. सगळा आठवडा उलटा चालायला लागतो. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वही काढून दोनदा मोजलं होतं. आपले वार सुलटे चालतात, म्हणजे ते घटकांतून आलेले नाहीत, चोवीस तासांतून आले आहेत.

शब्दानेही तीच खूण ठेवली आहे. आपल्या ज्योतिषात त्या तासाला “होरा” म्हणतात, आणि ग्रीक भाषेतही तासाला होराच म्हणतात. सहाव्या शतकात वराहमिहिराने लिहून ठेवलंय की काही जणांच्या मते हा शब्द “अहोरात्र” मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून झाला. कल्पना सुंदर आहे, पण शब्द ग्रीकच.

तरी याला कॉपी म्हणावंसं मला वाटत नाही. आर्यभटाच्या आर्यभटीयात, म्हणजे 499 सालाच्या सुमाराला, हा सगळा नियम एका श्लोकात आला आहे: शनीपासून वाढत्या वेगाने ओळ धरा, ते होरांचे स्वामी, त्याच ओळीतला चौथा तो पुढच्या दिवसाचा स्वामी, आणि दिवस मोजायचा सूर्योदयापासून. जे घेतलं ते समजून घेतलं, आणि गणितासकट घेतलं.

इथे तू मला अडवशील: तू म्हणालीस तीन, आर्यभट म्हणतो चौथा. दोन्ही बरोबर आहेत. शनीलाच एक धरून मोज: शनी एक, गुरू दोन, मंगळ तीन, सूर्य चार. ज्याच्यापासून मोजायचं त्यालाही मोजणीत घ्यायची ही जुनी रीत. तू मागे विचारलं होतंस की दिवस सात असून “आठवडा” का म्हणतात, त्याचं उत्तर हेच आहे. या रविवारपासून पुढच्या रविवारपर्यंत दोन्ही रविवार धरले की आठ होतात. “आठ दिवसांनी येते” असं आजी म्हणते ते त्याच वारी येण्यासाठी. रोमन लोकांचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा, आणि त्यांनी त्याचं नाव पाडलं होतं नऊ या आकड्यावरून.

तर मग सातच का? एक कारण तू आता ओळखलं असशील: डोळ्यांना दिसणारे ग्रह सात. पण दुसरं कारण ग्रहांशी संबंध नसलेलं आहे. ज्यू लोकांमध्ये सहा दिवस काम आणि सातवा विसाव्याचा, असा सात दिवसांचा फेरा या ज्योतिषाच्या आधीपासून चालत होता. त्यांच्या दिवसांना ग्रहांची नावं नव्हती. पहिला, दुसरा असेच आकडे होते. रोमन साम्राज्यात हे दोन फेरे एकमेकांना भेटले, दोन्ही सातांचेच असल्यामुळे जुळून गेले, आणि 321 साली कॉन्स्टंटाइन बादशहाने सूर्याचा दिवस सुट्टीचा ठरवला. पुष्कळ जण सांगतात की अमावास्या ते पौर्णिमा या अंतराचा अर्धा म्हणून सात. पण चंद्राचा महिना साडेएकोणतीस दिवसांचा, त्याचा पाव भाग सातहून जास्त भरतो, आणि दोन-तीन महिन्यांत आठवडा चंद्रापासून सुटून जातो. आठवडा चंद्राला बांधलेला नाही आणि वर्षालाही नाही. तो नुसता मोजत राहतो.

इंग्रजीत ही नावं रोमन लोकांकडून गेली, पण तिथल्या लोकांनी मधल्या चार देवांच्या जागी आपले देव बसवले. मंगळाच्या जागी टीव, बुधाच्या जागी वोडन, गुरूच्या जागी थोर, शुक्राच्या जागी फ्रिग. म्हणून ट्यूजडेमध्ये तुला मंगळ सापडला नाही. फ्रेंचमधल्या मार्दीमध्ये मार्स, म्हणजे मंगळ, सरळ दिसतो.

आता एक दगड. मध्य प्रदेशात एरण इथे बुधगुप्त राजाच्या काळातला एक उंच खांब आहे. त्यावर कोरलंय: गुप्त राजांच्या कालगणनेचं वर्ष 165, आषाढ शुक्ल द्वादशी, आणि वार “सुरगुरूचा दिवस”. देवांचा गुरू तो बृहस्पती, म्हणजे आपला गुरुवार. भारतातल्या कोरीव लेखांत वार सापडतो त्यातला हा अगदी सुरुवातीचा. तेव्हाच्या ज्युलियन कॅलेंडरप्रमाणे ती तिथी येते 21 जून 484 या दिवशी. मी आजच्या गुरुवारपासून सात-सात दिवस मागे मोजत गेले, कागदावर, लीप वर्षं आणि 1582 साली कॅलेंडरमधून गाळलेले दहा दिवस लक्षात घेऊन. 21 जून 484 ला गुरुवारच येतो.

तुझी,
आई