सर्व्हर विकत घेण्याआधी इलॅस्टिकसर्चमध्ये एक कोटी डॉक्युमेंटसाठी डिस्क, रॅम आणि शार्ड किती लागतील याचा अंदाज कसा काढायचा?

फाइलींचा आकार गुणिले एक कोटी, असा हिशोब कोणी तुमच्यासमोर मांडला तर तो कागद तिथेच बाजूला ठेवायला सांगा. या एका गुणाकारापायी मी दीड वर्ष भांडलो आहे.

आमच्याकडे एका संस्थेची जुनी पत्रं आणि आदेश होते, एक कोटीच्या आसपास. सगळे स्कॅन केलेले पीडीएफ, बहुतेक मराठीत. आमच्या वरिष्ठांनी एक्सेल उघडलं: सरासरी पीडीएफ ४५० केबी, म्हणजे एकूण ४.५ टीबी, एक रेप्लिका, म्हणजे सगळ्याची आणखी एक प्रत, धरून ९ टीबी. शार्ड, म्हणजे इंडेक्सचा एक तुकडा, ५० जीबीच्या पुढे जाऊ नये असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून ४.५ टीबीला ५० जीबीने भागून ९० प्रायमरी, म्हणजे मूळ प्रतीचे, शार्ड. मी म्हणालो, साहेब, सर्च इंजिन पीडीएफ इंडेक्स करत नाही, त्यातून काढलेला मजकूर इंडेक्स करतं. "नंतर कमी पडलं तर तू भरणार आहेस का?" यावर बैठक संपली.

९ टीबी एसएसडी बजेटमध्ये बसेना, म्हणून फिरत्या हार्ड डिस्कचे सहा सर्व्हर आले. पैसे डिस्कमध्ये गेले आणि रॅम प्रत्येकी ३२ जीबीवर अडकली. त्यातली २४ जीबी जावाच्या हीपला, म्हणजे इलॅस्टिकसर्चच्या स्वतःच्या मेमरीला, देऊन टाकली, जास्त दिली की चांगलं या समजुतीने. सगळं इंडेक्स झाल्यावर प्रायमरीचा आकार निघाला ६२ जीबी. ९० शार्डमध्ये वाटला तर एकेक ७०० एमबीसुद्धा नाही. एक शब्द शोधायला पाच-सहा सेकंद लागत होते.

का, ते नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. इंडेक्सवरचा प्रत्येक शोध त्याच्या सगळ्या शार्डकडे जातो, म्हणजे एका शब्दासाठी ९० ठिकाणी वाचन. फिरती डिस्क सेकंदाला शंभर-दीडशेच्या आसपासच विखुरलेली वाचनं करू शकते. एरवी ही वाचनं ऑपरेटिंग सिस्टिमच्या फाइल कॅशमधून भागतात, पण ती कॅश हीपच्या बाहेर उरलेल्या रॅममध्ये राहते. आमच्याकडे प्रत्येक सर्व्हरवर रेप्लिकासह २१ जीबी इंडेक्स होता आणि कॅशला मोकळी होती जेमतेम सहा-सात जीबी. `iostat` लावलं की डिस्क १०० टक्के व्यस्त आणि प्रोसेसर निवांत. हे चित्र दिसलं तर नवा प्रोसेसर घेऊ नका, तिथे रॅम कमी पडते आहे.

सर्व्हर घ्यायच्या आधी दोन दिवसांचं काम होतं. कुठल्याही एका लॅपटॉपवर नमुना इंडेक्स बनवायचा:

```
PUT /namuna
{ "settings": { "number_of_shards": 1, "number_of_replicas": 0 } }
```

मॅपिंग, म्हणजे कुठलं फील्ड कसं साठवायचं ते, आणि मजकुराचे शब्द पाडणारा ॲनालायझर प्रत्यक्षात वापरणार तेच ठेवा. मॅपिंग दिलं नाही तर मजकुराच्या प्रत्येक फील्डची `text` आणि `keyword` अशी दोन रूपं तयार होतात आणि आकडा चुकतो. मग एक लाख डॉक्युमेंट टाका, पण पहिली एक लाख नव्हे, सगळ्या वर्षांतून चिठ्ठ्या टाकल्यासारखी उचललेली. आमच्याकडे जुनी पत्रं अर्ध्या पानाची आणि अलीकडचे आदेश आठ-आठ पानांचे, त्यामुळे सुरुवातीची एक लाख घेतली असती तर अंदाज निम्म्यावर आला असता. टाकून झाल्यावर:

```
POST /namuna/_refresh
GET _cat/indices/namuna?v&h=docs.count,pri.store.size
```

आमचा नमुना मी नंतर, हट्टाने, करून पाहिला. ६२० एमबी आले. गुणिले शंभर, ६२ जीबी. तो कागद मी अजून ठेवला आहे.

मराठीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. 'का' म्हणजे सहा बाइट. इंग्रजी मजकुरावरून काढलेले "प्रति डॉक्युमेंट इतके केबी" असले आकडे आपल्याला लागू पडत नाहीत.

आकडा संशयास्पद मोठा आला तर `POST /namuna/_disk_usage?run_expensive_tasks=true` चालवा. कुठलं फील्ड किती जागा खातं ते दिसतं. पीडीएफ अटॅचमेंट प्रोसेसरमधून जात असेल तर मूळ फाइल बेस६४ होऊन `_source` मध्ये तशीच राहते, म्हणजे मूळ आकाराच्या सव्वापटीहून जास्त. ते फील्ड पाइपलाइनमध्येच काढून टाका.

आता आमच्याच आकड्यांवर खरेदी करतो. प्रायमरी ६२, एका रेप्लिकासह १२४ जीबी. कधीतरी मॅपिंग बदलेल आणि रीइंडेक्स करताना जुना-नवा दोन्ही एकत्र राहतील, म्हणून २४८. डिस्क ८५ टक्के भरली की इलॅस्टिकसर्च त्या नोडवर नवे शार्ड ठेवणं थांबवतं आणि ९५ टक्क्यांना त्या नोडवर शार्ड असलेल्या इंडेक्समध्ये लिहिणंच बंद करतं, म्हणून २४८ ला ०.८५ ने भागा: साधारण २९०. तीन सर्व्हर, प्रत्येकात ५०० जीबी एसएसडी, एक पडला तरी निभावतं. रॅम ६४ जीबी, त्यात हीप १६. उरलेल्या रॅममध्ये त्या सर्व्हरचा ४१ जीबी इंडेक्स जवळपास पूर्ण बसतो. शार्ड ३, प्रत्येकी २१ जीबी. १० ते ५० जीबीच्या मधलं काहीही चालतं.

आणि "नंतर वाढलं तर" याचं उत्तर: वर्षाला दहा लाख डॉक्युमेंट वाढली तर प्रायमरी सहा जीबीने वाढतात. पाच वर्षांनीही तीन शार्ड पुरतात, नाही पुरले तर स्प्लिट करून सहा करता येतात. भीतीपोटी ९० शार्ड पाडायची गरज कधीच नव्हती.

शेवटी आम्ही नवं काहीच घेतलं नाही. हीप २४ वरून १२ जीबीवर आणली. इंडेक्समध्ये लिहिणं थांबवून सगळ्या शार्डची एकेक प्रत एका नोडवर आणली आणि श्रिंक करून ९० चे ३ केले. तेच शोध एका सेकंदाच्या आत आले. हीप जास्त म्हणजे वेग जास्त, असं साहेब त्या दिवशीही म्हणत होते.

हे सगळं साध्या मजकूर-शोधाबद्दल झालं. टाइप करता करता सुचवण्यासाठी एज एन-ग्रॅम, म्हणजे प्रत्येक शब्दाचे सुरुवातीचे तुकडेही इंडेक्स करणं, लावणार असाल तर इंडेक्स कित्येक पटींनी फुगतो, तेव्हा नमुन्यातही तो लावूनच मोजा. व्हेक्टर शोध असेल तर रॅमचा हिशोबच निराळा. डॉक्युमेंट सतत अपडेट होत असतील तर जुन्या आवृत्त्या मर्ज होईपर्यंत जागा अडवतात, म्हणून नमुन्यावर दोन-चार दिवस अपडेट चालवा. आणि एकाच वेळी किती लोक शोधणार, हे नमुन्याच्या आकारावरून कळत नाही. त्यासाठी एका शार्डवर खरे शोध सोडून वेळ मोजावी लागते. तुमची नमुन्याची `pri.store.size` आली की इथे लिहा, आपण बघू.