लॉगबुक कोरं ठेवू नकोस

अगं, विडी वळायला हात लवकर बसेल तुझा. आधी लॉगबुकाचं सांगते. पान-तंबाखू किती दिली, विड्या किती घेतल्या आणि खराब म्हणून छाट किती काढली, हे तिन्ही आकडे रोज कारखान्यातच लिहून घे. "उद्या एकदम लिहितो" म्हणाले तरी तिथून हलू नकोस.

समज, तू १००० विड्या दिल्यास आणि ८० छाट काढल्या. पुस्तकात नुसते ९२० दिसले, तर त्या ८० वळल्याचा पुरावाच उरत नाही. म्हणून छाट वेगळी लिहायला सांग आणि त्याच पानाचा मोबाईलवर फोटो काढ. घरी आपल्या वहीतही तारीख घालून लिही.

काम बंद पडतं तेव्हा कुणी सांगून बंद करत नाही. आधी हजाराचं पान पाचशेवर येतं, मग "पान आलं नाही, सोमवारी या". मी अशा वेळी घरी बसून राहिले, आणि नंतर "ही आलीच नाही" असं ऐकावं लागलं. तू रोज जा, "पान दिलं नाही" अशी नोंद माग. नाही दिली तर चौघी मिळून अर्ज दे आणि पोच घे.

वळून दिलेल्या विड्यांची मजुरी मात्र काम थांबलं म्हणून बुडत नाही. नव्या वेतन संहितेत थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे दिल्याचं मालकाने दाखवायचं असतं. घरी वळतो म्हणून पीएफ नाही, असं कुणी म्हटलं तर सांग: सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच घरखात्यातल्या विडी कामगारांना तो हक्क मान्य केलाय.