कानातलं घेताना दर्शनी भाग नाही, दांडी बघा

प्रश्न: सोन्याचं सोडून काहीही घातलं की दोन दिवसांत माझे कान खाजतात, लाल होतात, पाणी सुटतं. मागचा जोड तर पाकिटावर ‘हायपोअलर्जेनिक’ लिहिलेलं बघून घेतला होता. आता मुलीचे कान टोचायचेत. तिला पहिल्यांदा काय घालू?

उत्तर:

मुलीसाठी इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचं, मागे सपाट चकती असलेलं कानातलं घ्या. तुम्ही मात्र आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून निकेलची पॅच टेस्ट, म्हणजे पाठीवर पट्टी चिकटवून करायची ॲलर्जीची तपासणी, करून घ्या. नक्की काय टाळायचं हे कळलं की पुढची खरेदी सोपी होते.

मी दागिने घडवते आणि दुरुस्त करते, त्यामुळे अशा तक्रारी घेऊन येणारे लोक नेहमीचेच. तुम्ही सांगताय ते निकेलच्या ॲलर्जीशी बरंच जुळतं. त्यातही तुमचे ‘दोन दिवस’ महत्त्वाचे आहेत. घामामुळे धातूतलं निकेल अगदी सूक्ष्म प्रमाणात विरघळून त्वचेत उतरतं. एकदा शरीराने त्याला शत्रू मानलं की पुढे दर वेळी संपर्क आला की साधारण एक ते तीन दिवसांत खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड असा प्रकार सुरू होतो. म्हणून सकाळी घातलेलं कानातलं संध्याकाळपर्यंत गुण दाखवत नाही आणि दोष भलत्याच गोष्टीला जातो, साबणाला नाहीतर शाम्पूला. जंतुसंसर्ग वेगळा दिसतो. त्यात खाजेपेक्षा ठणका जास्त, जागा गरम लागते, पू येतो आणि बहुतेक वेळा एकच कान बिघडतो. ॲलर्जीत धातू जिथे जिथे टेकतो तिथे तिथे कातडी उठते, पाळीच्या मागे फिरकीखालीसुद्धा. जीन्सच्या बटणापाशी, बेंबीखाली कधी खाजरा चट्टा उठला असेल, तर संशय आणखी पक्का समजा.

आता त्या ‘हायपोअलर्जेनिक’ शब्दाबद्दल. त्याचा अर्थ ‘ॲलर्जी होण्याची शक्यता कमी’ एवढाच, आणि किती कमी हे ठरवणारी सर्वमान्य मर्यादा त्याला नाही. पाकिटावर तो छापायला कुणी काही मोजून बघितलेलंच असेल असं नाही. मोजता येण्याजोगी अट हवी असेल तर युरोपीय संघाच्या नियमात आहे. टोचलेल्या भोकात जाणाऱ्या भागातून दर आठवड्याला, दर चौरस सेंटिमीटरला ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी निकेल बाहेर पडलं पाहिजे. धातूत निकेल किती आहे यापेक्षा त्यातून सुटतं किती, यावर हा नियम बोट ठेवतो. आणि मला तेच पटतं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. एक बाई सोनेरी मुलाम्याचे टॉप्स घेऊन आल्या. नवे असताना काही झालं नव्हतं, काही महिन्यांनी कान चिघळायला लागले. आमच्याकडे निकेल तपासायचं डायमिथाइलग्लायॉक्झिमचं द्रावण असतं. ते कापसाच्या बोळ्यावर घेऊन धातूवर अर्धा मिनिट घासायचं. निकेल सुटत असेल तर कापूस गुलाबी होतो. टॉप्सच्या दर्शनी भागावर घासलं, कापूस पांढराच राहिला. मग दांडी भिंगाखाली धरली. फिरकी रोज वरखाली होऊन जिथे घासली जाते, तिथला मुलामा उडून खाली पांढुरका पट्टा दिसत होता. तिथे घासल्यावर कापूस फिकट गुलाबी झाला. फिरकीच्या आतल्या वळलेल्या पत्र्यात बोळा घातला, तर गडद गुलाबी. म्हणजे पितळेवर आधी निकेलचा थर, त्यावर सोन्याचं पातळ पाणी. आणि फिरकी तर वेगळ्याच धातूची. बाईंनी निवड केली होती दर्शनी भाग बघून, त्रास झाला मागच्या बाजूने.

ही चाचणी दागिना खराब करत नाही. तिचे संच तयार मिळतात आणि घरीही करता येते. पण ती फक्त पृष्ठभाग तपासते. मुलामा शाबूत असेल तर आतलं निकेल लपून राहतं, आणि अगदी थोडं निकेल सुटत असेल तर तेही तिच्या नजरेतून निसटतं. त्यामुळे गुलाबी रंग आला तर ते कानातलं बाद, पण रंग आला नाही म्हणून सगळं आलबेल असं धरू नका. लोहचुंबकाची युक्ती मात्र सोडून द्या. निकेल असलेलं नेहमीचं स्टेनलेस स्टील चुंबकाला चिकटतच नाही.

स्टीलवरूनच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ‘सर्जिकल स्टील’ हे नाव ऐकून विश्वास बसतो, पण दागिन्यांत त्या नावाने बहुतेकदा विकलं जातं ते ३१६ एल जातीचं स्टील. त्यात साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं. ते क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थराखाली बऱ्यापैकी घट्ट धरून ठेवलेलं असतं, म्हणून भोक पूर्ण भरलेल्या अनेकांना ते चालतं, निकेलची ॲलर्जी असलेल्या काहींनासुद्धा. तुमच्यासारखी लक्षणं असतील तर मी ते सुचवणार नाही, आणि ताज्या जखमेत तर कुणालाच नाही. तिथे ओल सतत असते आणि कातडीचं कवच अजून तयार झालेलं नसतं.

सोनं तुम्हाला सोसतं ते बरंच आहे. पिवळ्या सोन्यात मिसळ शक्यतो तांब्याची आणि चांदीची असते, त्यामुळे १४ कॅरेट किंवा त्याहून जास्त शुद्धतेचं भरीव पिवळं सोनं सहसा त्रास देत नाही. पण पांढऱ्या सोन्याबाबत सावध राहा. पिवळा रंग घालवायला त्यात कधी निकेल, कधी पॅलेडियम घालतात. घेण्याआधी सोनाराला सरळ विचारा, ‘पांढरं कशाने केलंय?’ निकेलची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींची पॅच टेस्ट पॅलेडियमलाही प्रतिसाद देते, म्हणून पांढरंच हवं असेल तर प्लॅटिनम किंवा टायटॅनियम बरं. आणि सोन्याच्या जोडीबरोबर आलेली फिरकी सोन्याचीच आहे ना, हेही बघून घ्या.

चांदी ९२५ ची असेल तर उरलेला हिस्सा बहुधा तांब्याचा. भरलेल्या भोकात ती चालते, ताज्या भोकात नको. ती काळवंडते आणि तो काळेपणा कातडीत उतरू शकतो. जर्मन सिल्व्हरपासून मात्र चार हात लांब राहा. त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, जस्त आणि भरपूर निकेल असतं.

आता मुलीचं. तुम्हाला ॲलर्जी आहे म्हणून ती तिला जन्मतःच असते असं नाही. ती निकेलच्या संपर्कातून जडते, आणि कान टोचणं ही ती जडण्याची सगळ्यात सोपी वाट. एकदा जडली की बहुधा आयुष्यभर राहते. म्हणून पहिलं कानातलं तुमच्यापेक्षा तिच्यासाठी जास्त जपून निवडायला हवं.

टायटॅनियम मागताना ‘एएसटीएम एफ १३६’ असं म्हणा. शरीरात बसवायच्या इम्प्लांटसाठीच्या टायटॅनियमच्या मिश्रधातूचा तो दर्जा आहे, आणि चांगल्या टोचणाऱ्याकडे त्या मालाचं प्रमाणपत्र असतं. ते दाखवायला का कू केली तर दुसरीकडे जा. निळं-जांभळं टायटॅनियम दिसलं तर घाबरू नका. तो रंग लावलेला नसतो. विजेच्या साहाय्याने वाढवलेल्या ऑक्साइडच्या थरामुळे तसा दिसतो. नायोबियमही चालतं. धातूच नको असेल तर गुळगुळीत काचेचं कानातलंही चालतं.

घडणही बघा. दांडी आरशासारखी गुळगुळीत हवी, भोकातून जाणाऱ्या भागावर आटे नकोत. लांबी पाळीच्या जाडीपेक्षा दोनेक मिलिमीटर जास्त हवी, कारण पहिल्या दिवसांत पाळी सुजते. आखूड दांडी आणि घट्ट दाबलेली फिरकी असेल तर फूल पाळीत रुतून बसतं. असे कान मी पाहिलेत, आणि ते सोडवायला डॉक्टरच लागतात. फिरकीच्या वळणांत वाळलेला स्राव अडकतो तो वेगळाच. म्हणून मागे सपाट चकती. सूज उतरली की टोचणाऱ्याकडूनच आखूड दांडी बसवून घ्यायची. आणि टोचायला पिस्तूल नको, निर्जंतुक केलेली पोकळ सुई हवी. बहुतेक पिस्तुलांत त्यांचीच ठरावीक लांबीची कानातली बसतात, मग धातूची निवड आपल्या हातात राहत नाही.

पाळी भरायला सहा ते आठ आठवडे लागतात. कानाच्या वरच्या कडक भागाला, म्हणजे कुर्चेला, बरेच महिने, म्हणून सुरुवात पाळीपासूनच करा. तोवर कानातलं बदलू नका. निर्जंतुक सलाइनने दिवसातून एक-दोनदा पुसा, दांडी उगाच फिरवत बसू नका. वरून प्रतिजैविकाचं मलम लावायची घाईही नको. निओमायसिन असलेल्या मलमाचीच ॲलर्जी होते कधी कधी, आणि मग खाज धातूची की मलमाची हे डॉक्टरांनाही पटकन सांगता येत नाही. ठणका वाढला, पू किंवा ताप आला, तर कानातलं स्वतः काढून भोक बंद होऊ देऊ नका. आत पू साचू शकतो, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

तुमच्या कानांचं म्हणाल, तर कातडी पूर्ण बरी होईपर्यंत काहीच घालू नका. पॅच टेस्टमध्ये निकेलची पट्टी पाठीवर दोन दिवस ठेवतात, ती काढल्यावर एकदा बघतात आणि पुन्हा एक-दोन दिवसांनी. मधे पाठीला पाणी लागू द्यायचं नसतं, तेवढं धरून तारीख घ्या. आवडीचे जुने टॉप्स टाकूनही देऊ नका. दर्शनी भाग तसाच ठेवून दांडी आणि फिरकी टायटॅनियमची किंवा सोन्याची करून मिळते, फक्त टायटॅनियमला धातू वितळवून जोडायचा डाग लागत नसल्याने ते डाग न देता बसवावं लागतं. दांडीला नेलपॉलिश लावून भागवता येतं असं कुणी सांगेल. ते काही दिवसांत घासून जातं आणि कुणाकुणाला नेलपॉलिशचीच ॲलर्जी असते. एखाद्या संध्याकाळपुरतं ठीक, तेही कान पूर्ण बरे असतील तरच.