घरटी आकडा लिहू नकोस

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

देवळाच्या छपराच्या वर्गणीसाठी तू पाठवलेलं अपील दोनदा वाचलं. खाली लिहिलंयस, 'काका, कुणाला वाईट वाटायला नको पण पैसे तर जमले पाहिजेत, टोन कसा ठेवू तेच कळेना.' टोनचं नंतर बघू. आधी तिसऱ्या ओळीतलं ते 'घरटी किमान 7500' काढ. त्याच्या आगेमागे कितीही गोड शब्द घातलेस तरी आकडा आहे तोवर ते अपील नाही, ती पट्टी आहे.

आकडा कुठून आला ते कळतंय मला. छपराचा अंदाज 9 लाख, गावात 120 घरं, झाला भागाकार. समितीत बसलेला प्रत्येक माणूस हाच भागाकार करतो. पण तुझ्याच वाडीत बघ ना, एका घरातले दोघं बोटीवर नोकरीला आणि शेजारच्या घरात कलमांच्या बागेत मजुरी, तीही हंगामापुरती. भागाकाराला दोन्ही घरं सारखी. म्हणून सांगतो, घरटी आकडा लिहायचा नाही. किमान नाही, 'अपेक्षित' नाही, 'साधारण' पण नाही.

मग 9 लाख येणार कुठून? कुठल्याही गावात मोठा वाटा मोजकी घरंच उचलतात, हे तुलाही माहीत आहे आणि समितीलाही. तेव्हा अपील छापायच्या आधी त्या दहा-पंधरा जणांकडे जा, मुंबईत जाऊन भेट, शांतपणे बसून आकडा सांगून माग. त्यांच्याकडे आकडा बोलायला हरकत नाही कारण त्यांना नाही म्हणता येतं. निम्म्याहून जास्त जमले की मग गावासाठी कागद काढायचा. कागदात एकूण खर्च लिही, जमा किती झाले ते लिही, उरलेले लिही. बास. वाचणाऱ्याला कळतं की काम आपल्यावाचून अडलेलं नाही, आणि असं वाटलं की माणूस आपल्या ऐपतीप्रमाणे मोकळेपणी देतो.

आता तुझं शेवटचं वाक्य, 'ज्यांना शक्य नसेल त्यांनी समिती सदस्यांना भेटावे.' तू चांगल्या मनाने लिहिलंयस, मला शंका नाही. पण कोण येईल रे? ओटीवर चार माणसं बसलीयत आणि त्यांच्यासमोर येऊन कुणी सांगायचं की मला जमत नाही? त्यापेक्षा बाई कर्ज काढेल. माफी मागायला लावणारी सवलत म्हणजे सगळ्यात वाईट दडपण, ते काढ. तसंच ते 'पैसे नाहीत तर श्रमदान'. श्रमदान ठेव, जरूर ठेव, पण वेगळ्या दिवशी आणि सगळ्यांसाठी, मुंबईकरांसकट. नाहीतर त्या दिवशी कौलं उतरवायला कोण आलंय यावरूनच गावाला कळतं की कुणी पैसे दिले नाहीत.

कर्ज काढेल हे मी उगाच म्हणत नाहीये. आमच्या सभामंडपाच्या वेळी मी खजिनदार होतो. सप्ताहाच्या काल्याला माईकवर देणगीदारांची यादी वाचली गेली आणि तिच्यामागोमाग 'बाकी' म्हणून दुसरी यादी. तीनचार दिवसांनी एक बाई माझ्याकडे आल्या, नवरा अंथरुणाला खिळलेला, बचत गटातून कर्ज उचलून पैसे आणले होते. पैसे दिले आणि विचारलं, पावतीवर आधीची तारीख घालाल का, म्हणजे आमचं नाव बाकीत वाचलं नव्हतं असं होईल. ते मला अजून सलतं. पुढच्या सभेत मी सांगितलं, मी खजिनदार आहे तोवर यादी वाचली जाणार नाही. वर्गणी मंदावली हे खरं. एक पावसाळा ताडपत्रीवर काढला आणि अजून काहीजण म्हणतात की काम माझ्या हट्टामुळे रखडलं. म्हणू देत. देवाने एक पावसाळा ताडपत्रीखाली काढला तर बिघडत नाही, पण देवासाठी एकाही घराला कर्ज होता कामा नये. मी तेव्हाही हेच म्हणत होतो, आजही म्हणतोय, आणि मंडप झाला की नाही शेवटी?

आता पावती पुस्तक. तुमची मुलं पुस्तक घेऊन दारोदार फिरणार असं लिहिलंयस. ते पुस्तक उघडल्यावर काय दिसतं ते कधी बघितलंयस? आधीच्या घराची स्थळप्रत, त्यावर 5001. पावती लिहिताना घरातला माणूस वाकून ती बघतो आणि मनातला 200 चा आकडा गिळतो. म्हणून दारोदार पुस्तक नको. प्रत्येक घरी एकसारखं पाकीट दे, आणि ठरलेल्या दिवशी *सगळी* पाकिटं देवळातल्या पेटीत परत येऊ देत, रिकामी असली तरी. पेटीत पाकीट टाकणारा प्रत्येकजण सारखाच दिसला पाहिजे. पावती हवी त्याने आत नावाची चिठ्ठी घालावी, दोघांनी मिळून पाकिटं उघडायची, तिथेच पावत्या लिहायच्या, बिननावाचे पैसे पेटीजमा. क्यूआर कोड ट्रस्टच्या खात्याचाच हवा, आधीच रक्कम भरलेला नको, आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर कुणी टाकायचे नाहीत.

पारदर्शकतेचं काय, असं समितीतलं कुणीतरी विचारणारच. त्यांना सांग, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यात हिशेब आणि ऑडिट लागतं, माईकवरून नावं वाचा असं कुठे लिहिलेलं नाही. (देऊळ रजिस्टर आहे ना? नसेल तर वर्गणीला हात लावायच्या आधी धर्मादाय आयुक्तांकडून कलम 41क ची परवानगी घ्या.) सुताराचं बिल, कौलांचं बिल देवळाच्या भिंतीवर लावा. खर्चाचा पै-पैचा हिशेब उघडा हवा, देणाऱ्याचा आकडा झाकलेला. आणि वर्गणी न देणाऱ्याला वाळीत टाकायची भाषा कुणी काढली तर 2016 चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, त्यात तुरुंगवास आहे, हेही शांतपणे कानावर घाल.

मजकूर साधारण असा कर, यात फार वाढवू नकोस:

'आपल्या देवळाचं छप्पर उतरवून कुजलेले वासे-रीपा बदलायच्या आणि कौलं नव्याने घालायची आहेत. अंदाज 9 लाख, पैकी 5 लाख 40 हजार जमा आहेत. सोबत पाकीट आहे. सर्व पाकिटं, भरलेली वा रिकामी, रविवारी देवळातल्या पेटीत टाकावीत. कोणी किती दिले हे वाचले जाणार नाही, नावांचा फलक लागणार नाही. खर्चाची बिलं देवळात लावू. शिमग्याची पालखी दरवर्षीप्रमाणे प्रत्येक घरी येईल.'

पालखीचं वाक्य अजिबात गाळू नकोस. पैसे दिले नाहीत तर पालखी दारात थांबणार नाही, ही भीती कुणी बोलून दाखवत नाही पण असते.

'देवाचं काम आहे, कुणी मागे राहू नये' हे तुझं वाक्य मी मुद्दाम घेतलेलं नाही. परत घालू नकोस.

आणि तरी पैसे कमी पडले तर काम कमी कर, अपील कडक करू नकोस. लाकूड वाळवीने गेलंय, कौलं सगळी गेलेली नसतात. छप्पर 1200 चौरस फूट म्हणजे साधारण 1800 कौलं लागतील, पण जुन्या मंगळुरी कौलांतली बरीच परत चालतात. उतरवताना एकेक बोटाच्या पेराने वाजवून बघा, खणखणीत वाजलं ते चांगलं, बद्द वाजलं ते तडकलेलं. चांगली घासून शेवाळ काढून एका बाजूच्या पाख्याला वापरा. खालचं सिलिंग आणि रंग पुढच्या वर्षी. मृगाआधी वरून पाणी बंद झालं की बास.

नवा मसुदा छापायला देण्याआधी मला पाठव. फलकावरून समितीतले ऐकत नसतील तर नंबर दे, मी बोलतो त्यांच्याशी.

तुझा,
काका