सहसंबंध गुणांक १.२१ येतो तेव्हा नेमकं काय मोडलेलं असतं

प्रश्न: "सहसंबंध गुणांक −१ ते १ च्या बाहेर का जात नाही? सर म्हणतात, स्टँडर्ड डेव्हिएशनने भागतो म्हणून. मग इंदूरला सराफ्यातल्या शिकंजीच्या दुकानाचे पाच दिवसांचे आकडे (कमाल तापमान ३४, ३६, ३८, ४०, ४२, विकलेले ग्लास ९०, ११०, ११०, १४०, १५०) एक्सेलमध्ये घालून मी तोच भागाकार केला तर १.२१ कसं आलं?"

सरांनी सांगितलेलं कारण अपुरं आहे. कॉमर्सच्या क्लासेसमध्ये ते सर्रास सांगितलं जातं म्हणून जरा सविस्तर लिहितो. स्टँडर्ड डेव्हिएशनने भागलं की एकक निघून जातं, बस. अंश आणि ग्लास दोन्ही उडतात आणि नुसता आकडा उरतो. पण एकक गेलं म्हणून आकड्याला मर्यादा येत नाही. स्टँडर्ड डेव्हिएशनला सरासरीने भागून मिळणारा कोएफिशिअंट ऑफ व्हेरिएशनही बिनएककीच असतो, आणि तो ३ काय, ३० सुद्धा येऊ शकतो. मर्यादा येते ती एका असमानतेमुळे. ही असमानता कॉशीने १८२१ मध्ये दिली. कार्ल पिअर्सनने आज आपण वापरतो ते सूत्र १८९६ मध्ये मांडलं तेव्हा ती केव्हाची तयार होती.

तुमचेच आकडे घेऊ. तापमानाची सरासरी ३८, ग्लासांची १२०. प्रत्येक दिवसाच्या आकड्यातून सरासरी वजा करा. तापमानाची विचलनं −४, −२, ०, २, ४. त्यांना u म्हणू. ग्लासांची विचलनं −३०, −१०, −१०, २०, ३०, ती v. आता फक्त तीन बेरजा लागतात. Σu² = ४०, Σv² = २४००, आणि जोडीजोडीने गुणून Σuv = १२० + २० + ० + ४० + १२० = ३००. गुणांक r म्हणजे ३०० भागिले √(४० × २४००), म्हणजे ३०० भागिले ३०९.८४, म्हणजे ०.९६८. खरं उत्तर हे. १.२१ कडे नंतर येतो.

आता असं समजा की तापमान एक अंशाने वाढलं तर ग्लास t ने वाढतात, असा अंदाज तुम्ही बांधलात. मग ज्या दिवशी तापमान सरासरीपेक्षा u ने वेगळं, त्या दिवशीचा अंदाज t·u आणि चूक v − t·u. पाचही दिवसांच्या चुकांचे वर्ग करून बेरीज घ्या. ती ऋण असूच शकत नाही, कारण वर्गांची बेरीज आहे. सगळी मर्यादा या एवढ्याशा गोष्टीतून निघते:

Σ(v − t·u)² = Σv² − 2t·Σuv + t²·Σu² ≥ 0

t कोणताही घेतला तरी हे खरंच आहे, पण आपल्याला सगळ्यात कडक अट हवी. म्हणून बेरीज सगळ्यात लहान करणारा t घ्यायचा. तो असतो Σuv ÷ Σu², इथे ३०० ÷ ४० = ७.५. म्हणजे दर अंशामागे साडेसात ग्लास. हा t वर घातला की उरतं:

Σv² − (Σuv)² ÷ Σu² ≥ 0

दोन्ही बाजूंना Σu² ने गुणा, मग (Σuv)² ≤ Σu²·Σv². भागाकार केला की r² ≤ 1. वर्ग एकपेक्षा मोठा नाही, म्हणून r हा −१ च्या खाली किंवा १ च्या वर जाऊ शकत नाही. ऋण बाजू वेगळी सिद्ध करावी लागत नाही. Σuv ऋण असेल तर t आपोआप ऋण येतो.

हे आकड्यांत बघा, म्हणजे पाठ करावं लागणार नाही. t = ७.५ घेतल्यावर पाच दिवसांच्या चुका येतात ०, ५, −१०, ५, ०. वर्गांची बेरीज १५०. अंदाज न बांधता नुसत्या सरासरीवर बसलो असतो तर हीच बेरीज २४०० होती. २४०० मधले १५० उरले, म्हणजे ०.०६२५ एवढा वाटा. आणि १ − r² बरोबर ०.०६२५ च येतं, कारण r² = ९०००० ÷ ९६००० = ०.९३७५. म्हणजे १ − r² हा अंदाजानंतर शिल्लक राहिलेल्या चुकीचा वाटा आहे. r एकपेक्षा मोठा म्हणजे हा वाटा ऋण, म्हणजे वर्गांची बेरीज ऋण. म्हणून उत्तर १ च्या वर दिसलं की डेटाविषयी काही निष्कर्ष काढायचा नाही. गणित कुठे मोडलं ते शोधायचं.

बरोबर १ किंवा −१ कधी येतो हेही यातूनच कळतं. सगळ्या चुका शून्य असतील तेव्हाच, म्हणजे सगळे बिंदू एकाच तिरक्या सरळ रेषेवर. तापमान पाचही दिवस सारखंच असेल तर Σu² शून्य, आणि ० ÷ ० ला गुणांक म्हणतच नाहीत. एक्सेल तिथे #DIV/0! दाखवतं, आणि ते बरोबर आहे.

आता तुमचं १.२१. त्याला खऱ्या ०.९६८ ने भागा, १.२५ येतं, म्हणजे ५ ÷ ४. दिवस पाच आहेत, म्हणजे n = ५, तेव्हा चोर सापडला: कोव्हेरियन्स काढताना n − 1 ने भागलंय आणि स्टँडर्ड डेव्हिएशन काढताना n ने. बहुधा COVARIANCE.S च्या खाली STDEV.P लावलंत. पहिलं ३०० ÷ ४ = ७५ देतं. दुसरं तापमानाला √८ आणि ग्लासांना √४८० देतं, गुणाकार ६१.९७. ७५ ÷ ६१.९७ = १.२१. दोन्हीकडे एकच भाजक असता तर तो कटला असता आणि फक्त Σuv, Σu², Σv² उरले असते. वरची असमानता फक्त या तिघांबद्दल बोलते. भाजक वेगळे पडले की तुम्ही असमानतेबाहेरचा आकडा मोजताय.

पायथॉनमध्ये हीच चूक न सांगता होते, कारण नमपायचे दोन फंक्शन मुळातच वेगवेगळ्या भाजकांवर चालतात:

```python
import numpy as np
x = [34, 36, 38, 40, 42]
y = [90, 110, 110, 140, 150]
np.cov(x, y)[0, 1] / (np.std(x) * np.std(y))                  # 1.21
np.cov(x, y)[0, 1] / (np.std(x, ddof=1) * np.std(y, ddof=1))  # 0.968
```

खरी भीती याच्या उलट्या चुकीची आहे. एक्सेलचं जुनं COVAR हे n ने भागतं आणि STDEV हे n − 1 ने. ते दोन एकत्र वापरले असते तर ६० ÷ ७७.४६ = ०.७७ आलं असतं. ०.९६८ च्या जागी ०.७७, आणि कुणालाही शंका आली नसती, कारण आकडा मर्यादेच्या आत आहे. १.२१ निदान ओरडून सांगतं की काहीतरी बिघडलंय. म्हणून माझं ठाम मत: तुकड्यातुकड्याने भागाकार करायचा असेल तर शेजारी CORREL लावून ताडून बघायलाच हवं. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर त्यांचं गुणोत्तर n ÷ (n − 1) किंवा त्याच्या उलट आहे का, ते आधी तपासा.

भाजक सारखे असूनही मर्यादा मोडण्याचा आणखी एक रस्ता आहे, तो म्हणजे रिकाम्या सेल. असमानता जोडीच्या आकड्यांसाठी आहे: ज्या दिवसाचा u, त्याच दिवसाचा v, आणि तिन्ही बेरजांमध्ये तेच दिवस. समजा मधल्या तीन दिवसांची विक्री वहीत लिहिलीच नाही. कोव्हेरियन्स पहिल्या आणि पाचव्या दिवसावरून काढला (१२०), ग्लासांचं स्टँडर्ड डेव्हिएशन त्याच दोन दिवसांवरून (३०), पण तापमानाचं पाचही दिवसांवरून (२.८३). इथे सगळीकडे n नेच भागलंय, तरी १२० ÷ ८४.८५ = १.४१ येतं. कारण तापमानाचे मधले दिवस विचलनाची सरासरी खाली ओढतात आणि कोव्हेरियन्सला ते माहीतच नाहीत. CORREL कुठलीही सेल रिकामी असली की ती पूर्ण जोडी सोडून देतं, म्हणून तिथे असं होत नाही. हाताने करताना अर्धवट जोड्या आधी काढून टाका आणि मगच सरासरी काढा. सरासरी आधी काढून ठेवलीत तर तीही बदलायला हवी.

१.०००००००००००००००२ असं काही दिसलं तर मात्र घाबरू नका. तो दशांश साठवण्यातला गोलाकारीचा फरक असतो. पुढे त्याचा कोन काढायचा असेल तरच तो कापून १ करावा लागतो, नाहीतर ACOS एरर देतं.

मर्यादेविषयी एक गोष्ट राहिली. १ च्या जवळ असणं म्हणजे सरळ रेषेच्या जवळ असणं, याहून जास्त काही नाही. x = १, २, ३, ४, ५ आणि y = १, ४, ९, १६, २५ घ्या. y हा x वरून तंतोतंत ठरतो, तरी गुणांक ६० ÷ √३७४० = ०.९८१ येतो. तेव्हा "पक्का संबंध असेल तर १ येतो" हे कुणी सांगितलं तर मानू नका. सरळ रेषेतला पक्का संबंध असेल तरच.

परीक्षेत काय लिहायचं, यावर आमच्याकडे शिकवणाऱ्यांत जुना वाद आहे. एक पक्ष विवेचकाचा: t मधली वर्गराशी कधीच ऋण होत नाही, म्हणून तिचा विवेचक धन असू शकत नाही, संपलं. हे बरोबर आहे आणि पूर्ण गुण मिळतात, पण शिल्लक चुकीचा वाटा कुठे गेला ते त्यात दिसत नाही. म्हणून मी तो वर्गात शेवटी दाखवतो. सगळ्यात आखूड वाट तिसरी आहे: u ला तापमानाच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने आणि v ला ग्लासांच्या स्टँडर्ड डेव्हिएशनने भागून a आणि b करा, मग Σ(a ± b)² ≥ 0 मधून 2n ± 2n·r ≥ 0 येतं आणि दोन्ही मर्यादा एका ओळीत मिळतात. वेळ कमी असेल तर हीच लिहा. फक्त Σa² = n, Σb² = n आणि Σab = n·r या तीन समानता गाळू नका. कोव्हेरियन्स आणि दोन्ही स्टँडर्ड डेव्हिएशन एकाच n ने भागलेत, तरच या तिन्ही एकदम खऱ्या असतात. तुमच्या शीटमध्ये तिसरी मोडली होती: n·r च्या जागी तुमचं १.२१ घातलं तर ५ × १.२१ = ६.०५ होतं, आणि Σab आहे ४.८४.