१३६ मीटर उडी मारणारा मागे का पडतो? स्की जंपिंगच्या गुणांविषयी वाचकांचे प्रश्न

आम्ही म्युनिकला राहतो. नववर्षाच्या सुट्टीत घरी सगळे टीव्हीवर स्की जंपिंग बघतात. एक जण १३६ मीटर गेला, दुसरा १२९, आणि यादीत १२९ वाला वर! पंचांनी त्याला जास्त गुण दिले असं म्हणावं, तर तेही जवळजवळ सारखेच होते. हे कसं?

तुम्ही पाहिलं ती वाऱ्याची भरपाई होती. आकड्यांत मांडलं की लगेच लक्षात येईल.

मोठ्या टेकडीवर एक ठरावीक अंतर गाठलं की ६० गुण मिळतात. समजा हे अंतर १२५ मीटर आहे. त्यापुढच्या प्रत्येक मीटरला १.८ गुण वाढतात आणि कमी पडलेल्या प्रत्येक मीटरला तेवढेच कापले जातात. शैलीसाठी पाच पंच असतात. त्यांतला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकून उरलेल्या तिघांची बेरीज घेतात. तुम्ही पाहिलेल्या दोघांनाही शैलीचे ५४ मिळाले असं धरू.

पहिला उडाला तेव्हा समोरून सेकंदाला ०.८ मीटर वेगाने वारा येत होता. समोरचा वारा उडणाऱ्याला उचलून धरतो, म्हणून त्याचे गुण कापतात. समजा या टेकडीवर समोरच्या वाऱ्याचा गुणक ९.४ आहे. म्हणजे सेकंदाला एक मीटर वाऱ्यामागे ९.४ गुण. याचे ७.५ गुण गेले. अंतराचे ७९.८ आणि शैलीचे ५४ मिळवून त्यातून ७.५ वजा केले की १२६.३ उरतात.

दुसऱ्याच्या वेळी वारा फिरला आणि पाठीमागून ०.५ ने वाहू लागला. मागचा वारा माणसाला खाली दाबतो. मागच्या वाऱ्याचा गुणक ११.४ धरला तर त्याला ५.७ गुण मिळाले. अंतराचे ६७.२, शैलीचे ५४ आणि हे ५.७ मिळून १२६.९ झाले. सात मीटर मागे उतरूनही तो ०.६ गुणाने पुढे गेला.

दोन्ही गुणक वेगळे आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेलच. समोरच्या वाऱ्याने जेवढा फायदा होतो, त्यापेक्षा तेवढ्याच वेगाच्या मागच्या वाऱ्याने जास्त नुकसान होतं. जितकं लांब जावं तितकी खालची जमीन सपाट होत जाते, त्यामुळे समोरच्या वाऱ्याने मिळालेली उंची पूर्णपणे मीटरमध्ये उतरत नाही. पद्धत सुरू झाली तेव्हा दोन्ही दिशांना एकच मोजमाप होतं. नंतर मागच्या वाऱ्याची भरपाई वाढवली आणि माझ्या मते ती दुरुस्ती अगदी गरजेची होती. दोन्ही गुणक त्या दिवसाच्या निकालपत्रकावर छापलेले असतात. पुढच्या वेळी ते समोर ठेवून बसा, निम्मे वाद आपोआप मिटतील.

एका माणसाच्या चार-पाच सेकंदांच्या उडीत वारा नेमका कुठे मोजतात? वर एक आणि खाली वेगळाच वारा असला तर?

उतरण्याच्या उताराच्या कडेने वारामापक उभे असतात. बहुतेक मोठ्या टेकड्यांवर पाच, आणि दोनशे मीटरांपलीकडच्या उड्यांसाठीच्या ‘फ्लाइंग’च्या प्रचंड टेकड्यांवर त्याहून जास्त. उडी चालू असताना प्रत्येक मापक वाऱ्याचा फक्त उताराला समांतर असलेला भाग टिपतो, म्हणजे समोरून किंवा मागून येणारा. या नोंदींची सरासरी काढून एकच आकडा ठरतो आणि तोच गुणकाने गुणला जातो.

पद्धतीची कमजोरी याच सरासरीत आहे. समजा वरच्या दोन मापकांवर मागून १ चा वारा आहे आणि खालच्या तीनांवर समोरून १ चा. साधी सरासरी काढली तर समोरून ०.२ येते, म्हणजे वारा जवळजवळ नाहीच. पण उडणाऱ्याच्या अनुभवात ते तसं नसतं. घसरणीच्या टोकाला असलेल्या टेबलावरून सुटल्यावर पहिल्या काही दहा मीटरांत त्याला हवेत आपली स्थिती बसवायची असते, स्की इंग्रजी ‘व्ही’च्या आकारात उघडायच्या असतात. तिथेच मागच्या वाऱ्याने दाबलं तर उंची जाते आणि ती खाली कितीही चांगला वारा मिळाला तरी पुरती परत येत नाही. शिवाय तो लवकर उतरला तर खालच्या मापकांवरचा वारा त्याला कधी लागलाच नाही, आणि तरी गुण मात्र कापले गेले.

बाजूने येणारा वारा तर या हिशेबात धरतच नाहीत. तो एका स्कीला उचलतो, दुसरीला नाही आणि माणूस तिरका होतो. अशा उडीत शैलीचेही गुण जातात आणि अंतरही, आणि भरपाईच्या रकान्यात जवळजवळ शून्य दिसतं.

हे ओळखायचं कसं? निकालपत्रकावर भरपाई अगदी लहान आहे, पण सुटल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत उडणाऱ्याचे हात सावरण्यासाठी हलले किंवा एक स्की खाली गेली, तर त्याला सरासरीत न दिसणारा वारा लागला असं समजावं. संथ गतीचं चित्रण पुन्हा पाहिलं की हे स्पष्ट दिसतं.

मध्येच ‘गेट’ खाली घेतात ते कशासाठी? आणि प्रशिक्षकाने घेतलं तर कधी गुण मिळतात, कधी मिळत नाहीत, हे काय गौडबंगाल आहे?

गेट म्हणजे घसरणीच्या मार्गावरचा तो आडवा दांडा, ज्यावर बसून सुरुवात करतात. त्याला क्रमांक असतात. क्रमांक जितका मोठा तितकं वरून सुटायचं आणि टेबलावर येईपर्यंत वेग तितका जास्त. मोठ्या टेकडीवर हा वेग साधारण ताशी नव्वद किलोमीटरच्या आसपास असतो. एक-दोन गेटांनी त्यात फार थोडा फरक पडतो, पण अंतरात तो चांगलाच जाणवतो.

प्रत्येक टेकडीला सुरक्षित लांबीची एक खूण असते. तिला ‘हिल साइझ’ म्हणतात. त्यापलीकडे जमीन सपाट होऊ लागते आणि उतरताना गुडघ्यांवर येणारा भार झपाट्याने वाढतो. म्हणून समोरून वारा चढला आणि लोक त्या खुणेपलीकडे उतरू लागले, की स्पर्धा चालवणारी ज्युरी गेट खाली घेते. वारा पडला तर वरही नेते.

पूर्वी फेरीच्या मध्ये असं केलं तर सगळ्या उड्या सारख्या राहाव्यात म्हणून फेरी पहिल्यापासून घ्यावी लागे. आयुष्यातली सर्वोत्तम उडी मारून बसलेल्या माणसाची ती उडी पुसली जायची. हे टाळण्यासाठी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २००९ च्या उन्हाळी स्पर्धांत वारा आणि गेट यांच्या भरपाईची चाचणी घेतली. २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिम्पिकमध्ये ती वापरली नाही. ऑलिम्पिकमध्ये ती २०१४ ला सोचीत आली. माझ्या दृष्टीने या पद्धतीचं खरं देणं वाऱ्याच्या गुणांपेक्षा हे आहे: ज्युरी आता जिवाची काळजी घेताना कोणाची उडी पुसत नाही.

हिशेब सरळ आहे. सुरुवात किती मीटर खाली सरकली ते घ्यायचं आणि त्या टेकडीच्या गेट-गुणकाने गुणायचं. समजा दोन गेटांत मिळून १ मीटर अंतर आहे आणि गुणक ७ आहे, तर दोन गेट खालून सुटणाऱ्याला ७ गुण जास्त. वर गेलं तर तेवढेच वजा. ज्युरीने बदल केला तर याला कोणतीही अट नसते.

प्रशिक्षकाचं मात्र वेगळं आहे. तो फक्त आपल्या खेळाडूसाठी गेट खाली मागू शकतो. त्यासाठी अट अशी, की खेळाडूने हिल साइझच्या किमान ९५ टक्के अंतर गाठलं पाहिजे. १४० च्या टेकडीवर ते १३३ मीटर होतं. तो १३३ वर उतरला तर ७ गुण मिळाले, १३२.५ वर उतरला तर काही नाही, आणि वेग मात्र आधीच गेलेला.

मग हा धोका कोणी का पत्करावा? कारण समोरचा वारा जोरात असताना चांगला खेळाडू १४२-१४३ पर्यंत जाईल, आणि तिथे एक पाय पुढे घेऊन गुडघे वाकवत टेकायची टेलीमार्क ही पद्धत जवळपास अशक्य होते. पंच लगेच गुण कापतात. तोच खेळाडू खालच्या गेटावरून १३७ वर नीट टेलीमार्क घालून उतरला, तर अंतराचे ९ ते ११ गुण जातात, पण गेटाचे ७ मिळतात आणि शैलीचेही वाचतात. हिशेब जमला तर फायदा, शिवाय गुडघे शाबूत.

अट नसती तर प्रत्येक प्रशिक्षकाने गेट खाली घेऊन खात्रीचे गुण खिशात टाकले असते. ९५ टक्क्यांची रेषा थोडी कठोर वाटते, अर्ध्या मीटरसाठी सगळं जाताना वाईटही वाटतं. तरीही ती हवीच.

एवढी भरपाई आहे तर वाऱ्यामुळे स्पर्धा रद्द का होतात?

भरपाई गुणांची होते, धोक्याची नाही. पाठीमागून अचानक झोत आला आणि स्कीची टोकं खाली दाबली गेली तर माणूस तोंडावर पडतो, तिथे कितीही गुण दिले तरी काय उपयोग? म्हणून प्रत्येक उडीआधी वारा ठरावीक मर्यादेत आहे का हे बघतात आणि तेव्हाच हिरवा दिवा लागतो. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये नॉर्मल हिल या लहान टेकडीवर सायमन अम्मान या खेळाडूला वाऱ्यासाठी पुन्हा पुन्हा दांड्यावरून उठून मागे यावं लागलं, आणि स्पर्धा मध्यरात्रीनंतर संपली. इन्सब्रुकच्या बेर्गइझेल टेकडीवर जानेवारी २०२२ ला वारा शांत झालाच नाही आणि ती स्पर्धा बिशोफ्सहोफेनला हलवली गेली. २००८ लाही इन्सब्रुकची स्पर्धा तिथेच न्यावी लागली होती, तेव्हा तर ही पद्धत नव्हतीच.

जागतिक विक्रमात वाऱ्याचे मीटर वजा करतात का? मुलगा विचारतो आहे.

नाही. विक्रम म्हणजे पायांनी गाठलेले मीटर. स्टीफन क्राफ्टने २०१७ ला विकर्सुंडला २५३.५ मीटर उडी मारली, आणि मार्च २०२५ ला डोमेन प्रेव्त्सने प्लानित्साला २५४.५. भरपाई या आकड्यांना हातही लावत नाही, ती त्या दिवसाचे फक्त गुण बदलते. त्यामुळे विक्रमवीर त्याच दिवशी स्पर्धा हरूही शकतो. मुलाला हेही सांगा, की फ्लाइंगच्या टेकडीवर एका मीटरला १.२ च गुण असतात, त्यामुळे तिथे लांबच लांब उडीचा फायदा मोठ्या टेकडीपेक्षा गुणांत कमी दिसतो.

२०१४ ला सोचीत पोलंडच्या कामिल स्तोखने जपानच्या नोरिआकी कासाइला फक्त भरपाईमुळे हरवलं असं कोणी तरी म्हणालं. खरं का?

एवढं सोपं नाही. मोठ्या टेकडीवर दोघांची पहिली उडी १३९ मीटर होती. दुसरीत कासाइ १३३.५ वर उतरला, स्तोख १३२.५ वर. अंतरात कासाइ १.८ गुण पुढे होता. अंतिम बेरीज मात्र २७८.७ आणि २७७.४, म्हणजे स्तोख १.३ ने पुढे. तेव्हा शैली आणि भरपाई मिळून स्तोखला ३.१ गुणांची आघाडी मिळाली. यातला शैलीचा वाटा किती आणि भरपाईचा किती, हे दोन्ही फेऱ्यांचे रकाने वेगवेगळे वाचूनच सांगता येतं. फक्त मीटर बघून ‘वाऱ्याने हरवलं’ म्हणणं हा स्तोखवर अन्याय आहे.