रिलीज नोटमध्ये जुन्या बिलांचं काय होणार, ते आधी लिहा

प्रश्न: «आमचं दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे. दर रिलीजची नोट मी लिहिते. डेव्हलपर देतात त्यातले सगळे टेक्निकल शब्द काढून सोपं करते, तरी लोक फोन करतात, "ताई, पण आमच्याकडे बदललं काय?" माझं काय चुकतंय?»

ताई, तुमचं पोस्ट वाचून आमचे जुने दिवस आठवले. मी इंदूरचा. बरीच वर्षं इथल्या एका बिलिंग सॉफ्टवेअरच्या सपोर्टला होतो. आमचे निम्मे ग्राहक सियागंजातले किराण्याचे व्यापारी, म्हणून खालचं उदाहरणही किराण्याचंच आहे. आधीच सांगतो, मी सीए नाही. कराचं जे लिहितोय ते सॉफ्टवेअरच्या बाजूने पाहिलेलं आहे. कायद्याचं तुमच्या सीएंना विचारा.

तुमचं चुकतंय असं मला वाटत नाही. शब्द काढल्यावर त्या शब्दामागची माहितीही निघून जाते, एवढंच. आमच्याकडे याचा जो तमाशा झाला तो सविस्तर सांगतो.

डेव्हलपरने दिलेली ओळ अशी होती: «टॅक्स इंजिन रिफॅक्टर. राउंडिंग लाइन-लेव्हलऐवजी डॉक्युमेंट-लेव्हल. लेगसी इनव्हॉइस लेझी रिकॅल्क्युलेट.» आता यात दुकानदाराच्या कामाचं काय आहे ते आकड्यांत पाहू. सोपं जावं म्हणून समजा एका बिलात ४० ओळी आहेत, प्रत्येक ओळ ३३.३० रुपयांची आणि जीएसटी ५ टक्के, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच राज्याचा. एका ओळीवर अडीच टक्के होतात ८३.२५ पैसे. पूर्वी आमचं सॉफ्टवेअर प्रत्येक ओळीवर हे ८३ पैशांवर आणायचं आणि मग बेरीज करायचं, तर ४० ओळींचे ३३.२० रुपये व्हायचे. नव्या पद्धतीत आधी सगळ्या मालाची बेरीज, १३३२ रुपये, आणि त्यावर एकदाच अडीच टक्के, म्हणजे ३३.३० रुपये. दोन्ही कर धरून फरक वीस पैशांचा. पण बिल शेवटी रुपयावर राउंड ऑफ होतं. जुन्या पद्धतीने १३९८.४० चे १३९८ आणि नव्याने १३९८.६० चे १३९९. तोच माल, तोच भाव, आणि बिल एक रुपयाने जास्त.

एवढ्यावर थांबलं असतं तरी फोन आले असते, पण निभलं असतं. खरी गोम शेवटच्या चार शब्दांत होती. त्यांचा अर्थ असा की जुनं बिल नुसतं पाहिलं किंवा प्रिंट केलं तर जुनीच रक्कम राहील, मात्र ते उघडून सेव्ह केलं तर नव्या पद्धतीने पुन्हा मोजलं जाईल. डेव्हलपरच्या दृष्टीने ही किरकोळ बाब होती. सगळी जुनी बिलं एकदम मोजायला लागू नयेत म्हणून त्याने तसं केलं होतं, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

आमच्या नोटा मंजुरीसाठी वरच्या ऑफिसात जायच्या. कुठल्या शहरातलं, कुठलं खातं, ते जाऊ द्या. आमच्या टीममधल्या मुलीने लिहिलं होतं की काही बिलांच्या रकमेत रुपयाचा फरक दिसेल आणि जुनी बिलं उघडून सेव्ह करू नका. तिथून उत्तर आलं की «फरक» आणि «करू नका» हे निगेटिव्ह वाटतं, टोन पॉझिटिव्ह ठेवा. शेवटी ग्राहकांना गेलं ते हे: «कराची गणना आता अधिक अचूक आणि जलद!» एकही कठीण शब्द नाही. शाळेतल्या पोराला कळेल. उद्गारचिन्हसुद्धा आहे.

व्यापाऱ्याने ते कसं वाचलं सांगतो. «आता अचूक» म्हणजे आधीची चुकीची होती. मग मुनीमजींना बसवलं आणि गेल्या महिन्यांची बिलं एकेक उघडून सेव्ह करायला लावली, म्हणजे तीही «अचूक» होतील. रिटर्न भरून झालेल्या महिन्यांची बिलंसुद्धा. आता वहीत कर एक आणि भरलेल्या जीएसटीआर-१ मध्ये दुसरा. शिवाय ज्या पार्टीने १३९८ देऊन खातं चुकतं केलं होतं, तिच्या नावावर एक रुपया बाकी. आम्हाला कळलं तेही यामुळेच. एका दुकानातून फोन आला, «भिया, आधा बाजार मेरा एक-एक रुपये का उधार हो गया.» आम्ही हसलो. दुपारपर्यंत तसेच आणखी फोन आले, मग कुणी हसेना.

निस्तरायला बॅकअपमधून जुन्या रकमा काढून त्या बिलांवर परत बसवाव्या लागल्या, तेही प्रत्येक ग्राहकाकडे वेगळं, कारण मधल्या काळात काही बिलांत खरोखरच्या दुरुस्त्याही झाल्या होत्या आणि त्या पुसायच्या नव्हत्या. ज्या ऑफिसने ते वाक्य मंजूर केलं, त्यांनी नंतर मेल पाठवून विचारलं की सपोर्टचे कॉल एवढे का वाढले. असो. यावर जास्त लिहिलं तर ब्लडप्रेशर वाढतं.

तर ताई, डेव्हलपरची ओळ हातात आली की ती सोपी करायला बसू नका. ती बाजूला ठेवा आणि त्याला धरून बसवा. मी विचारायचो ते असं: हे कुठल्या स्क्रीनवर दिसेल? काल तेच बटण दाबल्यावर काय व्हायचं, आज काय होईल? आधीच्या डेटाचं काय होतं, नुसतं पाहिल्यावर आणि सेव्ह केल्यावर, दोन्ही वेगवेगळं सांग. दुकानदाराला स्वतःहून काही करायचंय का, की काही टाळायचंय? आणि हे कुणाला लागूच नाही? जुन्या डेटाच्या प्रश्नावर डेव्हलपर हमखास म्हणतो, «काही होत नाही.» ते ऐकून उठू नका. टेस्टच्या कंपनीत गेल्या महिन्याचं एक बिल त्याच्यासमोर उघडा, सेव्ह करा, रक्कम पाहा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते कुणी केलं असतं तर «टोन पॉझिटिव्ह ठेवा» हे उत्तर येण्याआधीच भांडायला पुरावा मिळाला असता.

त्या बदलाची नोट मी आज लिहिली तर अशी लिहीन (आमच्याकडे ती हिंदीत जायची, इथे मराठीत देतो):

«या अपडेटनंतर तयार होणाऱ्या बिलांत कर प्रत्येक ओळीवर न काढता संपूर्ण बिलावर एकदाच काढला जाईल. त्यामुळे जास्त ओळींच्या काही बिलांची रक्कम पूर्वीपेक्षा रुपयाने कमी किंवा जास्त येऊ शकते. जुनी बिलं चुकीची नाहीत. ती पाहिली किंवा प्रिंट केली तर रक्कम तीच राहील. मात्र जुनं बिल उघडून पुन्हा सेव्ह केलं तर रक्कम बदलू शकते. रिटर्न भरलेल्या महिन्यांची बिलं सेव्ह करू नका. एकाच ओळीचं बिल असेल तर काहीच बदलणार नाही.»

लांब आहे, मान्य. पण «जुनी बिलं चुकीची नाहीत» या चार शब्दांनी आमचं अर्धं संकट टळलं असतं. आणि खरं सांगायचं तर जो इशारा नोटमध्ये द्यावा लागतो तो सॉफ्टवेअरनेच द्यायला हवा. आम्ही नंतर रिटर्न भरलेला महिना लॉक करायची सोय केली, तेव्हा ती ओळ नोटेतून काढता आली. तुमच्या नोटेत «करू नका» वारंवार यायला लागलं तर ते डेव्हलपरकडे परत पाठवा, लिहिणाऱ्याने ते ओझं का वाहायचं?

बग दुरुस्तीच्या ओळी याहून सोप्या असतात. तिथे कारण नाही, लक्षण लिहा. «नल पॉइंटर एक्सेप्शन फिक्स» याच्या जागी «पार्टी न निवडता सेव्ह दाबलं की ॲप बंद पडायचं, आता पार्टी निवडा असा मेसेज येतो.» ज्याचं ॲप बंद पडलं होतं तो ते ओळखतो, बाकीचे पुढे जातात. «विविध बग दुरुस्त केले» हे वाक्य मात्र माझ्या मते लिहूच नये. ज्याने महिनाभर तक्रार केली त्याला आपली तक्रार सुटली की नाही हे त्यातून कळत नाही, मग तो फोन करतोच. अपवाद एकच, सुरक्षेच्या दुरुस्त्या. सगळ्यांनी अपडेट घेतलं नसेल तोवर भोक नेमकं कुठे होतं हे सांगू नये, फक्त अपडेट लगेच घ्या एवढं लिहावं.

लायब्ररी बदलली, डेटाबेसचं व्हर्जन बदललं, कोड नीट लावला, असल्या ओळी सरळ वगळा. डेव्हलपर रुसतात, त्यांच्यासाठी वेगळी यादी ठेवा. फक्त वगळण्याआधी एक विचारा, त्यामुळे जुन्या अँड्रॉइडच्या फोनवर किंवा काउंटरवरच्या जुन्या विंडोजवर ॲप चालणं बंद होतंय का. होत असेल तर तीच नोटेची पहिली ओळ.

नोट बरी झाली की नाही हे मी असं तपासायचो: ऑफिसातल्या हिशेब पाहणाऱ्या काकांना वाचायला द्यायचो आणि विचारायचो, «काका, उद्या दुकान उघडल्यावर तुम्ही वेगळं काय कराल?» कळलं का, असं विचारायचं नाही, कारण त्यावर सगळे हो म्हणतात. काकांनी «मी जुनी बिलं परत सेव्ह करून घेईन» म्हटलं, की नोट नापास. आमच्या त्या मंजूर वाक्यावर त्यांनी नेमकं हेच म्हटलं असतं, पण ते वाक्य त्यांच्यापर्यंत येऊच दिलं नव्हतं.

जाता जाता, तुमचं मोबाइल ॲप असेल तर प्ले स्टोअरवर नोटेला प्रत्येक भाषेसाठी ५०० कॅरेक्टरची मर्यादा आहे आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. «क्षि» एवढंच लिहिलं तरी चार जातात. म्हणून तिथे फक्त रक्कम किंवा जुना डेटा बदलणारी ओळ टाका, बाकीचं ॲपच्या आत. ॲपलच्या ॲप स्टोअरला ४००० कॅरेक्टर मिळतात, पण आमच्या सियागंजात तो फोन शेठच्या खिशात असतो, बिल बनवणाऱ्या मुनीमजींकडे नसतो.